निन, माइ, होन : जपानी मोजशब्द आणि त्यांचे ध्वनिबदल

जपानी भाषेत नुसता आकडा नामाला जोडून वस्तू मोजता येत नाही. ‘तीन पेन्सिली’ म्हणताना ‘तीन’ला लांबट वस्तूंसाठीचा एक शब्द चिकटवावा लागतो आणि मग तयार होतो ‘साम्बोन’. आकड्याला चिकटणाऱ्या अशा शब्दाला जपानीत ‘जोसूशी’ म्हणतात. या नोंदीत त्याला मोजशब्द म्हटले आहे. जपानीत मोजशब्द पुष्कळ आहेत, पण रोजच्या वापरात सर्वांत लवकर गाठ पडते ती तिघांशी : माणसांसाठी ‘निन’, सपाट वस्तूंसाठी ‘माइ’ आणि लांब-बारीक वस्तूंसाठी ‘होन’. ध्वनींच्या दृष्टीने तिघांचे वागणे अगदी वेगळे आहे. माइ काहीच बदलत नाही, निन सुरुवातीला अडवतो आणि मग सरळ चालतो, तर होन जवळजवळ निम्म्या आकड्यांवर रूप पालटतो.

वाक्यात मोजशब्द बहुधा नामानंतर, क्रियापदाच्या आधी येतो. ‘किप्पु ओ साम्माइ कुदासाइ’ म्हणजे ‘तिकिटे तीन द्या’. यातला ‘ओ’ हा कर्मदर्शक प्रत्यय नामाला लागतो, मोजशब्दाला नाही. संख्या नामाच्या आधी ठेवायची असेल तर मध्ये ‘नो’ हवा : ‘साम्बोन नो एन्पित्सु’, म्हणजे ‘तीन पेन्सिली’. मराठीच्या सवयीने ‘साम्बोन एन्पित्सु’ असे थेट जोडले, तर ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, पण वाक्य मोडके वाटते.

माइ. कागद, तिकिटे, पोस्टाची तिकिटे, छायाचित्रे, ताटल्या, शर्ट, चादरी, पावाचे काप, सीडी, नोटा आणि नाणीसुद्धा माइने मोजतात. इचिमाइ, निमाइ, साम्माइ, योम्माइ, गोमाइ, रोकुमाइ, नानामाइ, हाचिमाइ, क्यूमाइ, ज्यूमाइ, ‘किती’साठी नाम्माइ. आकडा आणि मोजशब्द शेजारी ठेवले की काम झाले. ‘सान’ आणि ‘योन’ यांतला न् पुढच्या म मुळे म् होतो, एवढेच. संत, संप, संग या शब्दांत अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे आपोआप बदलतो, तीच ही क्रिया, त्यामुळे मराठी बोलणाऱ्याला ती मुद्दाम शिकावी लागत नाही. जपानी लिपीत दोन्हीकडे एकच अक्षर लिहितात.

इथे चुकते ते उच्चारात नव्हे, निवडीत. माइ वस्तूच्या जातीकडे नाही तर आकाराकडे पाहतो. भिंतीवर पसरलेले पोस्टर माइने मोजतात. तेच गुंडाळून नळीसारखे केले की होनने मोजलेले चालते. पुस्तक सपाट असले तरी त्याला माइ नाही, ‘सात्सु’ लागतो. तातामी चटई वस्तू म्हणून माइने मोजली जाते, पण खोलीचे क्षेत्रफळ तातामींत सांगायचे तर ‘ज्यो’ हा निराळा मोजशब्द येतो. स्वयंपाकघरात ‘साम्माइ ओरोशी’ ही मासा कापण्याची पद्धत आहे. तीत दोन बाजूंचे मांस आणि मधला काटा असे तीन सपाट तुकडे निघतात. मांसाचे तुकडे दोनच मिळाले तरी मोजणी तीनची, कारण काट्याचा पट्टाही धरलेला असतो. काबुकी रंगभूमीवरही हा मोजशब्द टिकून आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, नाट्यगृहाबाहेर नटांच्या नावांच्या पाट्या लागत. दुसरी पाटी देखण्या नायकाची, म्हणून ‘निमाइमे’ म्हणजे देखणा पुरुष. तिसरी विनोदी नटाची, म्हणून ‘साम्माइमे’ म्हणजे हसवणारा.

निन. एक आणि दोन माणसांसाठी इथे चिनीतून आलेले इचि, नि हे आकडे चालत नाहीत. देशी जपानी रूपे येतात : हितोरी, फुतारी. तीनपासून सान्निन, योनिन, गोनिन, रोकुनिन, शिचिनिन किंवा नानानिन, हाचिनिन, क्यूनिन, ज्यूनिन. ‘किती जण’ म्हणजे नान्निन. जुन्या जपानीत तीन-चारसाठीही ‘मितारी’, ‘योतारी’ अशी देशी रूपे होती; प्रमाण भाषेत ती मागे पडली आणि पहिली दोनच उरली. मराठीतही माणसांसाठी दोघे, तिघे, चौघे अशी खास रूपे आहेत आणि पुढे पाच जण, सहा जण असा साधा मार्ग लागतो. ही खास मालिका मराठीत चारला थांबते, जपानीत दोनला.

चारचे रूप नीट पाहावे. ते ‘योन्निन’ नाही, ‘यो-निन’ आहे, एकच न. ‘शि-निन’ तर मुळीच नाही, कारण ‘शिनिन’ म्हणजे मृत माणूस. चारचा ‘शि’ हा उच्चार ‘मृत्यू’च्या उच्चाराशी जुळत असल्याने मोजताना तो एरवीही टाळला जातो, पण इथे टाळला नाही तर दुसराच शब्द तयार होतो.

हितोरी आणि फुतारी फक्त नेमक्या एक आणि दोनसाठी आहेत. अकरा जण म्हणजे ‘ज्यूइचिनिन’, बारा जण ‘ज्यूनिनिन’, एकवीस जण ‘निज्यूइचिनिन’. ‘ज्यूहितोरी’ असे काही नसते. जेवण किती जणांपुरते, याची मोजणी ‘निनमाए’ने होते आणि तिथे एकासाठीही सहसा ‘इचिनिनमाए’ म्हणतात, ‘हितोरीमाए’ नव्हे. याच शब्दाचा ‘आपल्या पायावर उभा असलेला माणूस’ असाही अर्थ होतो. उपाहारगृहाच्या दारात कर्मचारी ‘नाम्मेइसामा देसु का’ असे विचारतात. ‘मेइ’ हा निनचा औपचारिक पर्याय आणि ‘सामा’ हा पाहुण्यासाठीचा आदर. उत्तर मात्र ‘सान्निन देसु’ असे साधे द्यावे; प्रश्नातला ‘सामा’ उचलून स्वतःला लावला की हसू होते.

होन. पेन्सिली, छत्र्या, बाटल्या, झाडे, केळी, बोटे, टाय, रस्ते. शिवाय आगगाडीच्या फेऱ्या, फोन, चित्रपट आणि बेसबॉलमधले होमरन हे सगळे होनने मोजतात. होन म्हणजे पुस्तकही, आणि लिहिण्याची खूणही तीच. तरी पुस्तके होनने मोजत नाहीत. क्रम असा : इप्पोन, निहोन, साम्बोन, योन्होन, गोहोन, रोप्पोन, नानाहोन, हाप्पोन, क्यूहोन, ज्युप्पोन किंवा जिप्पोन, ‘किती’साठी नाम्बोन. जूडोतला ‘इप्पोन’ हा निर्णायक गुण याच मोजशब्दाचा.

ह, ब, प अशी तीन रूपे एकाच शब्दाची कशी? उत्तर जुन्या उच्चारात आहे. आज जो ध्वनी ‘ह’ आहे तो फार पूर्वी ‘प’ होता, नंतर दोन्ही ओठांतून फुंकर घातल्यासारखा ‘फ’ झाला आणि शेवटी ‘ह’. मधल्या पायरीचे पुरावे स्पष्ट आहेत. १५१६ साली सम्राट गो-नारा यांच्या कोड्यांच्या संग्रहात एक कोडे आहे : आईला दोनदा भेटतात, बापाला एकदाही नाही, ते काय? उत्तर, ओठ. ‘हाहा’ म्हणजे आई आणि ‘चिचि’ म्हणजे बाप. आजच्या ‘हाहा’त ओठ भेटतच नाहीत, तेव्हाच्या ‘फाफा’त दोनदा भेटत. नागासाकीत १६०३-०४ मध्ये छापलेल्या जपानी-पोर्तुगीज शब्दकोशातही हे शब्द ‘फ’च्या अक्षरानेच लिहिले आहेत.

म्हणजे होनचे जुने रूप ‘पोन’. मोकळ्या जागी त्याचा ह झाला, पण द्वित्वात, म्हणजे ‘प्प’ अशा दुहेरी उच्चारात, अडकलेला प तसाच राहिला. द्वित्व कुठून आले? चिनीतून आकडे घेतले तेव्हा त्यातल्या काहींच्या शेवटी बंद व्यंजन होते : एक आणि आठच्या शेवटी त्, सहाच्या शेवटी क्, दहाच्या शेवटी प्. एकटे उच्चारताना जपानीने त्यांना स्वर जोडला आणि इचि, हाचि, रोकु झाले. दहातला प् झिजून ‘ज्यू’ असा दीर्घ स्वर उरला. पुढे पोन आला की मात्र शेवटचे व्यंजन त्याच्याशी एकरूप झाले : इप्पोन, हाप्पोन, रोप्पोन, जिप्पोन. शंभर म्हणजे ‘ह्याकु’. त्याच्याही शेवटी क् होता, म्हणून ‘ह्याप्पोन’. दोन, पाच, नऊ यांच्या शेवटी आधीपासून स्वरच होता, म्हणून निहोन, गोहोन, क्यूहोन साधेच राहिले.

या हिशेबाने जिप्पोन हे जुने आणि नियमाला धरून आलेले रूप आहे. ज्युप्पोन नंतर ‘ज्यू’कडे पाहून घडले आणि आज तेच जास्त ऐकू येते. जपानच्या अधिकृत चित्राक्षर-यादीत २०१०च्या सुधारणेत दहाच्या ‘जि’ वाचनापुढे ‘ज्यु’ही चालेल अशी टीप आली.

साम्बोनमधला ब अनुनासिकामुळे आला. ‘सान’च्या शेवटच्या न् ने पुढचे व्यंजन घोष, म्हणजे कंठातून नाद येणारे, केले. हजार (सेन), दहा हजारांतला ‘मान’ आणि ‘किती’चा ‘नान’ हेही तेच करतात : सेम्बोन, इचिमाम्बोन, नाम्बोन. क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानातली लाल कमानींची रांग ‘सेम्बोन तोरिइ’ म्हणून ओळखली जाते. मग ‘योन’मुळे योम्बोन का नाही? कारण ‘योन’ हा चिनीतून आलेला आकडा नाही. तो देशी ‘यो’ आहे आणि त्याचा न् मागाहून चिकटला. योनिनमध्ये तो न् अजूनही गैरहजर आहे. सातचा देशी ‘नाना’ही म्हणूनच स्वस्थ बसतो.

आता माइ आणि निन शांत का, हेही उलगडते. जपानीत असे द्वित्व क, स, त, प अशा अघोष व्यंजनांपुढेच होते. म आणि न पुढे इचि, रोकु, हाचि यांना आपला स्वर सोडता येत नाही. म्हणजे बदल आकड्याच्या शेपटीवर आणि मोजशब्दाच्या तोंडावर, दोन्हींवर अवलंबून आहे.

मोठी संख्या आली तर फक्त शेवटचा घटक पाहावा. छत्तीस बाटल्या : सान्ज्यू अधिक सहा, म्हणून सान्ज्यूरोप्पोन. साठ बाटल्या : शेवटी दहा, म्हणून रोकुज्युप्पोन. त्र्याहत्तर : नानाज्यूसाम्बोन. चौऱ्याऐंशी : हाचिज्यूयोन्होन. चोवीस माणसे असतील तर याच रीतीने निज्यूयोनिन, पुन्हा एकाच न ने.

द्वित्वाला जपानीत पूर्ण मात्रा असते. इ, अडवलेला प्, पो आणि न् मिळून इप्पोन चार मात्रांचा शब्द होतो. घाईत ‘इपोन’ म्हटले तर एक मात्रा गळते आणि ऐकणारा थबकतो. दोन लांब वस्तूंचा ‘निहोन’ आणि देशाचे नाव ‘निहोन’ यांत मात्र व्यंजने सारखीच आहेत. फरक सुराचा : मोजणीत ‘नि’ वर असतो आणि लगेच सूर उतरतो, देशाच्या नावात तो ‘हो’वर चढून मग उतरतो.

होनचा हा साचा प्रत्येक ह-फ मोजशब्दाला मात्र जसाच्या तसा लागत नाही. लहान प्राण्यांचा ‘हिकी’ होनसारखाच वागतो : इप्पिकी, साम्बिकी, योन्हिकी. मिनिटांचा ‘फुन’ वेगळा. तिथे तीनसाठी ‘साम्पुन’ आणि चारसाठीही ‘योम्पुन’ होते, ब कुठेच येत नाही.