समृद्धीकरण प्रश्न (विज्ञान-उताऱ्यावरील)

विज्ञानाचा एखादा छोटा उतारा वाचून झाल्यावर, वर्गाच्या मानाने पुढे असलेल्या मुलांना त्याच उताऱ्यातील विधाने उताऱ्यात न आलेल्या परिस्थितीला लावून पाहायला सांगणारे प्रश्न म्हणजे समृद्धीकरण प्रश्न. आकलनाच्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवून दाखवता येते. समृद्धीकरण प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात नसते, मात्र ते काढण्यासाठी लागणारी सामग्री तेथेच असावी लागते. ‘सूर्याविषयी अधिक माहिती मिळवून लिहा’ हा गृहपाठ या प्रकारात बसत नाही. त्याने हुशार मुलाचे काम वाढते, विचार वाढत नाही. शाळेत हीच गल्लत सर्वांत जास्त होते.

इंदूरच्या नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी शून्य सावलीवरील उतारा या कामी फार सोयीचा आहे. त्यातील मजकूर साधारण असा असतो : सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असे आपण म्हणत असलो, तरी तो अगदी बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, आणि तोही कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांतच, त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सोबत चार आकडे दिले की पुरे : कर्कवृत्त 23.4 अंश उत्तरेला, इंदूर 22.7, बडोदे 22.3 आणि ग्वाल्हेर 26.2 अंशांवर. आत्या ग्वाल्हेरला आणि मावशी बडोद्याला असे इंदूरच्या कित्येक मराठी घरांत असतेच, त्यामुळे ही गावे मुलांना परकी वाटत नाहीत.

पहिला प्रश्न असा करता येतो : ‘ग्वाल्हेरच्या आत्याने 21 जूनला गच्चीवर काठी उभी केली, तर मध्यान्ही सावली पडेल का? पडली तर कोणत्या बाजूला?’ ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने सूर्य तेथे कधीच डोक्यावर येत नाही, म्हणून सावली उत्तरेलाच पडते. लांबीसाठी त्रिकोणमितीची गरज नाही. आलेखाच्या कागदावर कोनमापकाने सुमारे 2.8 अंशांचा कोन काढला, की एक मीटर काठीची सावली पाच सेंटिमीटरच्या आसपास येते, हे मूल स्वतः मोजते.

दुसरा प्रश्न दिसायला तसाच, पण अवघड आहे : ‘त्याच दिवशी इंदूरला सावली कोणत्या बाजूला पडेल?’ बहुतेक मुले सवयीने ‘उत्तरेला’ म्हणतात. परंतु त्या दिवशी सूर्य इंदूरच्या थोडा उत्तरेला गेलेला असतो, त्यामुळे सावली दक्षिणेकडे पडायला हवी. उतारा हे कोठेही सांगत नाही, तरी ‘दोनदा’ या शब्दात ते दडलेले आहे : जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य इंदूरवरून उत्तरेकडे जातो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत येतो. बडोद्याच्या दोन तारखांमधले अंतर इंदूरपेक्षा जास्त का, हा पुढचा प्रश्न मग मुलेच काढतात.

खरी मजा मोजायला बसल्यावर येते. 21 जूनची इंदूरची सावली एक मीटर काठीमागे सव्वा सेंटिमीटर भरते. मात्र काठी एका अंशानेही कलली, तर तेवढ्यानेच पावणेदोन सेंटिमीटरचा फरक पडतो. शिवाय सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्याने सावलीची कडा धूसर असते. ‘मग ही सावली आपल्याला दिसेल का, आणि ती कललेल्या काठीची नाही हे कसे ओळखाल?’ हा प्रश्न सबंध संचातला सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. ओळंबा लावणे आणि काठी जागच्या जागी अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजणे हे उपाय मुलांना सुचतात. घड्याळात बाराला मोजणाऱ्याला मात्र जूनमध्ये पश्चिमेकडे सुमारे दहा सेंटिमीटर सावली मिळते, कारण इंदूरचा मध्यान्ह तेव्हा 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास असतो. असे ‘चुकलेले’ माप खोडू नये. सावली पश्चिमेला का, हे विचारावे.

प्रश्न तपासण्याची रीत सोपी आहे. उतारा न वाचलेल्या मुलालाही उत्तर आले, तर तो प्रश्न सामान्यज्ञानाचा ठरतो. उलट, वाचलेल्या कोणालाच सुरुवात करता आली नाही, तर उताऱ्यात एखादा आकडा कमी पडलेला असतो. इंदूरमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी लागते : शाळेत हिंदीतून शिकणारे मूल मराठी उताऱ्यातील ‘मध्यान्ह’ किंवा ‘ओळंबा’ या शब्दापाशी अडले असेल, तर ती अडचण भाषेची असते, तर्काची नव्हे, तेव्हा तोच प्रश्न तोंडी, घरच्या बोलीत विचारून पाहावा.

प्रत्यक्ष पडताळणी करताना जूनची तारीख उन्हाळ्याच्या सुटीत येते आणि जुलैत आभाळ भरलेले असते. त्यामुळे शाळेत हा उतारा डिसेंबरात घेणे बरे. तेव्हा ऊन स्वच्छ असते, आणि 22 डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही एक मीटर काठीची सावली काठीहून किंचित लांब, 104 सेंटिमीटरच्या आसपास भरते.