बनगावचे मीठ-साखर पाणी आणि दुकानातली पावडर

1971 चा जून. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालच्या सीमेवरचे बनगाव भरून गेले होते आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली होती. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले, आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा तोंडाने पाजायच्या मीठ-साखर पाण्यावर भिस्त ठेवली. लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. हे मिश्रण कोलकात्यात पिशव्यांत भरून आणले जाई आणि ते पाजायचे काम बहुतेक नातेवाइकांकडेच असे. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराखालच्या रुग्णांत 4 टक्क्यांच्या खाली आले.

कल्पना मात्र त्यांची एकट्याची नव्हती. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाटेने, एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात आणि त्यांच्यामागून पाणी ओढले जाते, हे 1960 च्या दशकात उलगडले होते. पटकीतही ही वाट शाबूत राहते. ढाक्यातल्या संशोधकांनी 1968 मध्ये रुग्णांवर ते दाखवूनही दिले होते. म्हणजे साखर इथे ताकदीसाठी नसते, ती मिठाला आत नेण्यासाठी असते. पुढचा सगळा घोळ ही गोष्ट विसरल्यामुळे झाला आहे. साखर गरजेपेक्षा जास्त झाली तर ती आतड्यातच साचते, शरीरातले पाणी उलट आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात.

घरगुती कृतीचा मोठा प्रयोग बांगलादेशातच झाला. 1980 पासून ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार जाऊन बायकांना शिकवत: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर तपासनीस येऊन त्या घरातल्या बाईला किती आठवते ते पाही, आणि कार्यकर्तीचा मोबदला त्यावर ठरे. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत हुशारीचा वाटतो, कारण घरगुती द्रावण बिघडते ते मापातच.

आपल्याकडे सांगितले जाते ते माप असे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. छोटा चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा. साखर साधारण 25 ग्रॅम होते, मीठ अडीच-तीन ग्रॅम. चमचा शिगोशीग भरला किंवा अर्ध्याऐवजी पूर्ण घेतला, तर मीठ दुप्पट होते आणि तान्ह्या बाळाच्या रक्तातले सोडियम धोकादायक वाढू शकते. म्हणून आधी चव घ्यावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्यावे आणि नवे करावे. माप बरोबर असले तरी यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसते. म्हणून ओआरएसचे, म्हणजे जुलाबात पाजायच्या क्षारांचे, तयार पाकीट हाताशी येईपर्यंतचा हा उपाय.

पाकिटाचे प्रमाणही बदलत आले. जुने मिश्रण पटकीच्या हिशेबाने जास्त खारट होते. मुलांच्या नेहमीच्या जुलाबांत सोडियम तेवढे जात नाही, म्हणून 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सौम्य केले: लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड दीड आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम. त्याने उलट्या आणि सलाइन लावण्याची वेळ, दोन्ही कमी झाल्या.

इलेक्ट्रोलाइट पावडरींचे कूळ वेगळे. 1965 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी बनवलेल्या पेयापासून ती परंपरा येते. तिथे घामाची भरपाई करायची होती आणि खेळायला ताकदही हवी होती. त्यामुळे अशा पेयांत साखर पुष्कळ, सोडियम बेताचे. उन्हात तासन्‌तास राबणाऱ्याला ते चालते. घरात बसलेल्याला पाणी, मीठ घातलेले ताक आणि दोन वेळचे जेवण पुरते. जुलाब लागलेल्या मुलाला मात्र ही खेळाडूंची गोड पेये देऊ नयेत.

भारतात हा फरक पुसला गेला तो नावामुळे. ओआरएस अशी अक्षरे मिरवणारी गोड पेये औषधाच्या दुकानात खऱ्या पाकिटांशेजारी विकली जात. काहींत साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या घरात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे याविरुद्ध लढत होत्या. 2022 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आधी मनाई केली, मग ‘हे औषधी ओआरएस नाही’ अशी सूचना छापून नाव वापरू दिले. ती सवलत ऑक्टोबर 2025 मध्ये काढून घेण्यात आली.

खरे पाकीट वेष्टनावरच्या तपशिलावरून ओळखता येते: लिटरला सोडियम 75 आणि ग्लुकोज 75 मिलिमोल, विरघळलेल्या सगळ्या कणांची बेरीज 245 मिलिऑस्मोल. लिटरचे पाकीट लिटरभर पाण्यातच, एकदम विरघळवावे. पेलाभर पाण्यात थोडी थोडी पूड घालत बसू नये. उरलेले द्रावण 24 तासांनी टाकावे. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, सावकाश. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, आणि जाताना वाटेतही पाजत राहावे.