शुगर आहे म्हणून लायसन्स जात नाही

“दादा, बाबांना ६४ वर्षं झाली. शुगर आहे, चष्मा आहे. आता लायसन्स रिन्यू होतच नाही म्हणतात, खरं का?”

नाही. कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. पंचावन्नी ओलांडली की लायसन्स दर वेळी ५ वर्षांसाठीच मिळतं, एवढाच फरक.

चाळिशीनंतर फॉर्म १-ए लागतो आणि तो नोंदणीकृत डॉक्टरच भरून देतात. त्यात शुगरचा आकडा विचारलेला नाही. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का, हे विचारलंय. चष्म्याने नजर सुधारली असेल तर चष्मा अडचण ठरत नाही. रातांधळेपणा आहे का, साधा हॉर्न ऐकू येतो का, फिट किंवा चक्कर येते का, हेही त्यात आहे.

माझ्या काकांनी मानेवाड्यात घरासमोर मोठी ३३ पावलं, म्हणजे साधारण २५ मीटर मोजून उभ्या स्कूटीचा नंबर वाचून पाहिला. ३ आणि ८ मध्ये गोंधळ झाला. नवा चष्मा केला, मग डॉक्टरांकडे गेले.

इन्सुलिनवाल्यांनी मात्र डॉक्टरांना शुगर एकदम उतरून कधी गरगरलं का, ते खरं सांगायलाच हवं. दडवलं तर चालत्या गाडीत डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

आणि न तपासता सही देणाऱ्याकडे जाऊ नका. मुदत संपून एक वर्ष उलटलं, तर मात्र ड्रायव्हिंग टेस्ट पुन्हा द्यावी लागते.