फक्त आद्याक्षरं पाठवू नका
(पाठांतराची खिशातली कार्डं बनवून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं आमच्या सातपूरच्या दुकानात येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलवर एकच ओळ असते: "बी, बी, आर, ओ, वाय, जी, बी, व्ही, जी, डब्ल्यू. याचं मस्त वाक्य करून द्या." रेझिस्टरचा कलर कोड, म्हणजे त्यावरच्या कुठल्या रंगाच्या पट्ट्याचा कुठला आकडा, आम्हाला पाठ आहे, त्यामुळे काम चालून जातं. पण दुसऱ्या कुठल्या विषयाची अशी ओळ आली, की मूळ यादी मागवण्यात दोन दिवस जातात. उशीर झाला म्हणून बोलणी मात्र आम्ही खातो.

या दहा अक्षरांत बी तीनदा येतो: ब्लॅक ०, ब्राउन १, ब्लू ६. जी दोनदा येतो: ग्रीन ५, ग्रे ८. 'बी बी रॉय, ग्रेट ब्रिटन, व्हेरी गुड वाइफ' हे जुनं वाक्य सगळ्यांना येतं, पण त्यातला कुठला बी कुठल्या रंगाचा, हे ते वाक्य सांगत नाही. ते वेगळं पाठ करावं लागतं. एकाऐवजी दोन-तीन अक्षरं धरूनही सुटका नाही, कारण ब्लॅक आणि ब्लू दोन्ही बी-एलने सुरू होतात, आणि ग्रीन व ग्रे यांची तर पहिली तीन अक्षरं सारखीच आहेत.

चूक कुठे अंगाशी येते ते बघा. पट्टे ब्राउन, ब्लॅक, रेड असतील तर १, ० आणि रेडचा आकडा २ म्हणून पुढे दोन शून्यं, म्हणजे १००० ओहम. मधल्या बीला ब्लू समजलात तर १६००, ब्राउन समजलात तर ११००. पाच टक्केवाल्या रेझिस्टरच्या मालिकेत १०, ११ आणि १६ हे तिन्ही आकडे आहेत. त्यामुळे उत्तर बघून शंकाही येत नाही. आकडा मालिकेत नसता तर निदान डोकं खाजवलं असतं.

म्हणून रंगांचं कार्ड आम्ही मराठीतून करतो. आमच्या बाराखडीत अक्षराबरोबर काना-वेलांटी येते. काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, राखाडी, पांढरा. नुसती व्यंजनं घेतली तर न दोनदा आणि प दोनदा. काना-वेलांटीसकट घेतली तर ना, नि, पि, पा, म्हणजे सगळी वेगळी. ग्रेला 'करडा' न म्हणता मुद्दाम 'राखाडी' म्हणतो. क आणि का यांत बोलताना फारसा फरक राहत नाही.

आमचं पहिलं वाक्य होतं: "काल तपोवनात लाडक्या नातीने पिशवी हिसकून निम्मी जांभळं रामूला पाठवली." आम्ही खूश. महिन्याभरात एक मुलगा कार्ड घेऊन परत आला. त्याच्या डोक्यात वाक्य बसलं होतं "तपोवनात काल…", म्हणजे तपकिरी ०, काळा १. पुढेही "रामूला निम्मी जांभळं" झालं होतं, त्यामुळे सहा, सात, आठ तिन्ही सरकले. चूक त्याची नव्हती. मराठीत शब्द पुढेमागे केले तरी वाक्य बरोबरच वाटतं. तेव्हापासून प्रत्येक वाक्याचे शेजारचे शब्द आम्ही अदलाबदल करून बघतो. तरीही वाक्य सहज चालत असेल तर ते फेकतो.

आता कार्डावर हे असतं: "काकांच्या तपोवनातल्या लाडक्या नातीने पिशवी हिसकून निम्मी जांभळं राखून पाहिली." 'तपोवनातल्या काकांच्या' म्हटलं तर नात नाही, काका तपोवनात राहायला जातात, आणि चूक लगेच कळते. 'राखून पाहिली' उलटं करता येत नाही. शिवाय जांभळं ७ या आकड्यावर आपल्याच रंगाने बसली आहेत. 'तपोवनातल्या लाडक्या' ही जागा अजून जराशी ढिली आहे, म्हणून 'लाडक्या'खाली आम्ही बारीक २ छापतो. कुणाला याहून चांगलं सुचलं तर जरूर सांगा, पुढचं कार्ड आमच्याकडून.

वाक्य शून्यापासून सुरू होतं की एकापासून, वरून की खालून, हेही हवंच. नेटवर्किंगचे सात थर खालून मोजले तर फिजिकल पहिला आणि प्रेझेंटेशन सहावा. दोघांचं आद्याक्षर पी. टोक ठरलेलं नसेल तर वाक्य पाठ असूनही यादी उलटी लिहिली जाते. कार्डाच्या पहिल्या शब्दावर आम्ही पूर्ण नाव आणि आकडा छापतो तो याचसाठी. जागा वाया घालवायला नाही.

तर ऑर्डर देताना पूर्ण यादी द्या, क्रमांकासकट. पेपर मराठीत लिहिणार की इंग्रजीत, तेही सांगा. इंग्रजीत लिहिणार असाल तर कार्डाच्या मागे दोन्ही भाषांतली नावं समोरासमोर छापून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. वाक्य स्वतः केलेलं असेल तरी आणा. शब्द बदलून बघायला आम्हाला एक दिवस लागतो, आणि तो दिवस परीक्षेच्या आदल्या दिवशीचा नको.