कोल्ड क्रँकिंग अँप्स आणि राखीव क्षमता

मोटारीच्या १२ व्होल्ट स्टार्टर बॅटरीची प्रतवारी सांगणारे हे दोन आकडे. पहिला (सीसीए) अँपियरमध्ये असतो, दुसरा (आरसी) मिनिटांत.

सीसीए ठरवताना पूर्ण चार्ज केलेली नवी बॅटरी उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात. अमेरिकी एसएई पद्धतीनुसार ३० सेकंद सतत जास्तीत जास्त किती प्रवाह घेतला तरी व्होल्टेज ७.२ च्या खाली जात नाही, तो हा आकडा. गारठ्यात इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला जोर जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून चाचणी इतकी कडक आहे.

राखीव क्षमता मोजताना बॅटरी सुमारे २५ अंशांवर ठेवून २५ अँपियरचा भार लावतात आणि व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंतची मिनिटे मोजतात. अल्टरनेटरचा पट्टा रात्री तुटला, तर हेडलाइट, वायपर आणि इग्निशनवर गाडी किती वेळ चालेल, याचा अंदाज या मिनिटांवरून येतो. आरसी ६० म्हणजे सुमारे तासभर. पण बॅटरी जुनी किंवा अर्धवट चार्ज असेल तर तेवढाही भरवसा नाही.

एकाच मापाच्या डब्यात पातळ प्लेटा जास्त संख्येने बसवल्या की पृष्ठभाग वाढतो आणि सीसीए चढतो. सावकाश, दीर्घकाळ वीज पुरवायची तर सक्रिय पदार्थ जास्त हवा, आणि त्यासाठी प्लेटा जाड लागतात. त्यामुळे डबा तोच असेल तर बहुधा एक आकडा दुसऱ्याच्या जिवावर वाढतो. समजा, गाडीच्या पुस्तिकेत किमान ३५० सीसीए सांगितला आहे आणि दुकानात सारख्याच डब्याच्या दोन बॅटऱ्या आहेत: ४५० सीसीए व ७० मिनिटे, ३८० सीसीए व ८५ मिनिटे. नागपूरच्या ग्राहकाने दुसरी घ्यावी. तिथे उणे तापमानाचा प्रश्नच नाही, आणि पहिलीतले किमानापेक्षा वरचे शंभर अँपियर कधी वापरातच येणार नाहीत. लेहमध्ये किंवा टोरांटोत राहणाऱ्याने मात्र पहिलीच घ्यावी. पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या खाली कुठेच उतरू नये. डिझेल इंजिनाला तर तो जास्तच लागतो.

लेबलवर नुसते ‘सीए’ लिहिले असेल तर सावध व्हावे. तो शून्य अंशावर मोजलेला आकडा असतो, त्यामुळे त्याच बॅटरीच्या सीसीएपेक्षा मोठा दिसतो. मोजणीची पद्धतही पाहावी. जुन्या जर्मन डीआयएन पद्धतीत ३० सेकंदांनंतर ९ व्होल्ट टिकावे लागत, म्हणून त्याच बॅटरीचा डीआयएन आकडा एसएईच्या जेमतेम ६० टक्के भरतो. गॅरेजमधला हातातला टेस्टर प्रत्यक्ष भार न लावता बॅटरीच्या वाहकतेवरून सीसीएचा अंदाज बांधतो. त्यात पद्धत चुकीची निवडली गेली, तर चांगली बॅटरीही ‘बदला’ म्हणून दाखवली जाते.