प्रतीत्यसमुत्पाद

प्रतीत्यसमुत्पाद (पाली : पटिच्चसमुप्पाद) म्हणजे दुःख कशाच्या आधाराने उभे राहते आणि तो आधार काढला की कसे बसते, हे सांगणारी बौद्ध मांडणी. ‘प्रतीत्य’ म्हणजे एखाद्या गोष्टीला धरून, तिच्यावर विसंबून. ‘समुत्पाद’ म्हणजे उगवणे. तिचे सूत्र पाली सुत्तांमध्ये, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांमध्ये, पुन्हा पुन्हा येते : हे असताना ते असते, हे उपजल्याने ते उपजते; हे नसताना ते नसते, हे निरोधल्याने ते निरोधते. सूत्राचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पुष्कळ वेळा पहिलाच सांगितला जातो, आणि मग सारी मांडणी दैववादासारखी वाटू लागते.

अशा आधारांची एक साखळी बनते, आणि तिच्या रूढ पाठात बारा कड्या आहेत. अविद्येच्या आधाराने संस्कार, म्हणजे घडवणारी कर्मे. संस्कारांच्या आधाराने विज्ञान, म्हणजे जाणीव. तिच्यावर नामरूप, म्हणजे मन-शरीराचा संच. मग डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन ही सहा आयतने. मग स्पर्श, वेदना, म्हणजे सुखद-दुःखद वाटणे, तृष्णा, उपादान, म्हणजे धरून ठेवणे, भव, म्हणजे अस्तित्व, जन्म आणि शेवटी जरामरण, त्याच्यासोबत शोक, विलाप, दुःख, मनस्ताप. या कड्यांना ‘निदान’ म्हणतात. डॉक्टर रोगाचे निदान करतो तोच हा शब्द. बारा हा आकडा मात्र पक्का धरू नये. दीघनिकाय या सुत्तसंग्रहातल्या महानिदान सुत्तात नऊच कड्या आहेत. तिथे अविद्या आणि संस्कार नाहीत, सहा आयतनेही नाहीत, आणि विज्ञान व नामरूप एकमेकांना टेकून उभे आहेत. संयुत्तनिकाय या दुसऱ्या संग्रहात बुद्धांचे शिष्य सारिपुत्त या जोडीला एकमेकींना टेकवून ठेवलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा देतात. एक ओढली की दुसरी पडते. साखळी सुतासारखी सरळ नाही, हे इथेच कळते.

महानिदान सुत्त कुरू देशात कम्मासधम्म गावी घडते. बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो, हा प्रतीत्यसमुत्पाद गंभीर म्हणतात, पण मला तर अगदी स्पष्ट दिसतो. बुद्ध त्याला लगेच अडवतात : असे म्हणू नकोस. हे न समजल्यामुळेच लोक गुंता झालेल्या सुतासारखे, मुंजगवताच्या गुंडाळ्यासारखे झाले आहेत. मग ते साखळी उलटी, जरामरणाकडून मागे मागे सांगत जातात. तृष्णेपर्यंत पोचल्यावर एक आडवाट निघते, आणि ती सहसा कुणी उद्धृत करत नाही. तृष्णेमुळे शोध, शोधामुळे लाभ, लाभामुळे निवाडा, निवाड्यामुळे ओढ, ओढीमुळे चिकटणे, त्यातून ताबा, ताब्यातून कद्रूपणा, कद्रूपणातून राखण. राखणीच्या निमित्ताने काठ्या आणि शस्त्रे उचलली जातात, भांडणे, वादविवाद, ‘तुवंतुवं’, चहाड्या आणि खोटे बोलणे सुरू होते. ‘तुवंतुवं’ म्हणजे आपल्या भाषेत सरळ अरेतुरे.

या आडवाटेवरून एक उदाहरण चालवून पाहू. दोन भावांच्या शेतांच्या बांधावर आंब्याचे एक झाड आहे. धाकट्याने एका वैशाखात पाडाचा आंबा खाल्ला आणि तो गोड लागला. इथवर जीभ, आंबा आणि जाणीव यांचा स्पर्श झाला आणि सुखाची वेदना झाली. अजून काहीच बिघडलेले नाही. मग ‘आणखी हवा’ हे उठले, ही तृष्णा. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम झाडाखाली गेला, हा शोध. चार आंबे मिळाले, हा लाभ. हे घरच्यासाठी, ते विकायला, हा निवाडा. आणि या निवाड्यासोबतच ‘झाड तसे आपल्याच हद्दीत आहे’ हेही मनात बसले. पुढच्या वर्षी मोहोर आल्यापासून त्याचे लक्ष झाडावरून हलेना. थोरल्याच्या पोराने कैरी पाडली तेव्हा त्याला पहिल्यांदा राग आला. बाभळीच्या काट्यांचे कुंपण पडले, मोजणीचा अर्ज गेला, आणि एका सकाळी दोघे काठ्या घेऊन बांधावर उभे राहिले. आंबा कुठल्या पायरीवर भांडणाचे कारण झाला, हे त्या दोघांना विचारले तर दोघेही काठीची पायरी सांगतील. सुत्त बोट ठेवते ते ‘आणखी हवा’वर.

इथे ‘कारण’ हा शब्द जपून वापरावा लागतो. पालीतला शब्द ‘पच्चय’ आहे. तो ‘त्याच्यावाचून होत नाही’ एवढेच सांगतो. ‘ते असले की हे होणारच’ असे सांगत नाही. वेदनेवाचून तृष्णा होत नाही, पण वेदना झाली म्हणून तृष्णा झालीच पाहिजे असे नाही. तृष्णेतून पूर्ण सुटलेल्या अर्हतालाही काटा टोचतो आणि गोड गोड लागते; तृष्णा उठत नाही. म्हणूनच साखळी तोडायची जागा या सांध्यावर आहे. डोळा उघडा असला की दिसणारच, दिसले की बरे-वाईट वाटणारच. तिथे थांबवण्यासारखे काही नाही. वाटणे आणि हवेसे-नकोसे होणे यांच्यामध्ये फट आहे.

ती फट दिसत का नाही, याचे उत्तर अविद्या. मराठीत अज्ञान म्हटले की अडाणीपणा डोळ्यांसमोर येतो, पण इथे अर्थ मोजका आहे : दुःख, त्याचा उगम, त्याचा निरोध आणि निरोधाचा मार्ग न जाणणे. पदवीधर माणूसही या अर्थाने पुरता अविद्येत असू शकतो. ती प्रत्यक्ष कशी काम करते हे सल्ल सुत्तातल्या बाणांच्या दृष्टांतात जवळून दिसते. शरीराला दुखले हा पहिला बाण. न शिकलेला माणूस त्यावर शोक करतो, छाती बडवतो. हा मनाला लागलेला दुसरा बाण. पुढचे वाक्य जास्त नेमके आहे. दुखण्यातून सुटायला इंद्रियसुखावाचून दुसरी वाट त्याला ठाऊकच नसते, म्हणून दुखले की तो सुखाकडे धावतो. दिवसभर बोलणी खाऊन घरी आलेला माणूस मध्यरात्रीपर्यंत मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाहतो, त्यात हेच घडत असते. दुःखाशी चिडण्याची सवय मुरते, सुखाला चिकटण्याची सवय मुरते, आणि हे सारे येते-जाते कसे याकडे न पाहण्याची सवयही मुरते. या मुरलेल्या सवयींना ‘अनुशय’ म्हणतात. दुःखद वेदनेखाली द्वेषाचा अनुशय, सुखद वेदनेखाली रागाचा, म्हणजे आसक्तीचा, आणि ना सुखद ना दुःखद अशा वेदनेखाली अविद्येचा. तिसरा सर्वांत चिवट, कारण तिथे टोचत काहीच नाही.

अविद्या तृष्णेला वाट देते आणि तृष्णेमागे धावताना अविद्या आणखी दाट होते. त्यामुळे ‘अविद्येच्या आधी काय?’ हा प्रश्न कोड्यासारखा उरत नाही. अंगुत्तरनिकाय सांगतो की अविद्येचे पहिले टोक दिसत नाही, पण तिलाही आहार लागतो, आणि तो पाच नीवरणांचा, म्हणजे मनाच्या अडथळ्यांचा : कामच्छंद म्हणजे इंद्रियसुखाची ओढ, द्वेष, सुस्ती, चुळबुळ आणि शंका. अविद्या आदिकारण नाही. तीही रोज पोसली जाते.

शब्दांकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. तृष्णेचे पाली रूप ‘तण्हा’, आणि आपली ‘तहान’ त्याच घराण्यातली. ‘उपादान’ म्हणजे धरून ठेवणे. पण पालीत त्याचा दुसरा अर्थ सरपण, इंधन. संयुत्तनिकायात हा श्लेष उघडा केला आहे. चाळीस गाड्या लाकडांची शेकोटी पेटली आहे, आणि एक माणूस वेळोवेळी तिच्यात वाळले गवत, वाळले शेण आणि वाळकी लाकडे टाकत राहतो. ती दीर्घकाळ जळते. त्याने टाकणे थांबवले तर पहिले सरपण संपल्यावर ती विझते. कुणी पाणी ओतावे लागत नाही. निब्बान, म्हणजे निर्वाण, या शब्दामागे विझण्याची हीच प्रतिमा आहे.

मग सरपण टाकणारा कोण? मोलियफग्गुन नावाच्या भिक्खूने हेच विचारले होते : तहान कुणाला लागते, धरून कोण ठेवतो? बुद्धांनी प्रश्नच नाकारला. ‘कुणाला’ असे विचारू नये, ‘कशाच्या आधाराने’ असे विचारावे. साखळीत कड्या आहेत, कड्यांमागे बसलेला मालक नाही. माझ्या मते सगळ्या मांडणीतले हेच सर्वांत पचायला अवघड आहे.

साखळी किती काळात घडते यावर जुना मतभेद आहे. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ती तीन जन्मांवर पसरवली : अविद्या आणि संस्कार मागच्या जन्मातले, विज्ञानापासून भवापर्यंत या जन्मातले, जन्म आणि जरामरण पुढच्यातले. त्या वाटणीत अविद्या मागच्या खेपेचे मूळ ठरते आणि तृष्णा आताच्या खेपेचे. या ग्रंथाचे नागरी लिपीतले संपादन गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी केले. उलट विसाव्या शतकात थायलंडचे बुद्धदास भिक्खू यांनी तीन जन्मांची वाटणी नाकारली. त्यांच्या मते ‘मी’ उठतो तोच जन्म आणि साखळी दिवसातून कितीदा तरी फिरते. बांधावरच्या भावांना दुसरे वाचन लगेच लागू पडते. सुत्तांमधल्या जन्म-मृत्यूच्या शब्दशः व्याख्या मात्र पहिल्याच्या बाजूने आहेत. त्या व्याख्यांत दात पडण्याचा आणि केस पिकण्याचाही उल्लेख आहे.

साधनेत वेदना आणि तृष्णा यांच्या सांध्यावर थेट काम करणारी एक परंपरा महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी श्वासावर लक्ष ठेवायचे असते आणि चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना पाहायच्या असतात. पुढे तासभर न हलता बसायचे असते. गुडघा ठणकतो, नाकावर खाज येते. खाजवावेसे वाटणे खाजेहून वेगळे आहे, हे तिथे पुस्तकाशिवाय कळते. चूक होते ती दोन तऱ्हांनी. कुणी दात-ओठ खाऊन सहन करतो. तो द्वेषच, फक्त गप्प बसलेला. कुणाला एके दिवशी अंगभर सुखद लहरी जाणवतात आणि दुसऱ्या दिवशी तो त्याच शोधत बसतो. लहरी न आल्याने आलेली चिडचिड ही इथे ओळखीची खूण आहे : तृष्णेने फक्त माल बदलला.

ही साखळी चित्रातही आली. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या भिंतीवर, पाचव्या शतकातले भवचक्र, म्हणजे संसाराच्या फेऱ्याचे चाकासारखे चित्र, आहे. त्याचा बराच भाग आता झडला आहे; जुन्या युरोपीय पाहुण्यांना ते राशिचक्र वाटले आणि लेण्याला तसे नावही पडले. तिबेटी भवचक्रांत बाराही कड्या अजून पुऱ्या पाहायला मिळतात. अविद्या म्हणजे काठी टेकत चाललेला आंधळा, संस्कार म्हणजे मडकी घडवणारा कुंभार. वेदनेच्या चित्रात माणसाच्या डोळ्यात बाण घुसलेला आहे, आणि त्याच्या लगेच पुढच्या चित्रात, तृष्णेच्या जागी, एक माणूस निवांत बसून पेय पीत आहे.