सूर्य एकाच्याच पाठीशी: संवादातल्या रिव्हर्स शॉटची पार्श्वभूमी

सिनेमाच्या सुरुवातीच्या वर्षांत नाटक बघावं तशी दोन माणसं एकाच चौकटीत बोलत. १९१० च्या दशकात अमेरिकेत एका बाजूचा शॉट आणि त्याच्या समोरच्या बाजूचा, म्हणजे रिव्हर्स शॉट, वेगळे घेऊन जोडायची पद्धत रुळली आणि तिच्यासोबत एक बंधन आलं: दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नाही. हे पाळलं तर एकाची नजर उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे राहते, आणि ती दोघं एकमेकांकडे बघताहेत असं वाटतं.

सेटवर हे सांभाळायला माणसं असतात. मजकुरावरून क्लिप बनवणाऱ्या एआय साधनाला मात्र, वेगळ्या मागणीने दुसरी क्लिप करताना, पहिली ठाऊक नसते. म्हणून नुसतं ‘रिव्हर्स शॉट’ लिहून भागत नाही. कशाचा रिव्हर्स, हे त्याला कळणार कुठून?

मालवणच्या किनाऱ्यावरचा एक प्रसंग घेऊ. संध्याकाळ आहे, आबा जाळं विणताहेत, मुंबईहून आलेली लेक समोर बसली आहे. आबांचं तोंड पूर्वेला, लेकीचं पश्चिमेला, कॅमेरा दोन्ही वेळा दक्षिणेच्या बाजूला. पहिल्या क्लिपसाठी मी असं लिहीन: ‘चौकटीच्या डाव्या कडेला आबांची पाठ आणि उजवा खांदा, धूसर. उजवीकडे लेक, नजर चौकटीच्या डावीकडे. तिच्या तोंडावर मावळतीचं पिवळं ऊन, मागे माडांची रांग.’ दुसरीसाठी: ‘चौकटीच्या उजव्या कडेला लेकीची पाठ आणि डावा खांदा, धूसर. डावीकडे आबा, नजर चौकटीच्या उजवीकडे. चेहरा सावलीत, केसांच्या कडेला ऊन, मागे समुद्र आणि मावळता सूर्य.’

‘डावा’ हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो, माणसाचा डावा आणि चौकटीचा डावा. प्रत्येक वेळी कुठला ते लिहायलाच हवं.

पण खरा घोटाळा उन्हात होतो. ‘कोकणचा किनारा, संध्याकाळ’ एवढंच दोन्हीकडे लिहिलं की दोघांच्याही मागे सूर्यास्त येऊ शकतो. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला. सूर्य फक्त आबांच्या पाठीशी असू शकतो. इथला प्रेक्षक ही चूक लगेच पकडतो, कारण तो त्या वाळूत बसलेला असतो.

संदर्भचित्रं घेणारी साधनं आली आणि चेहरा, लुगडं, सदरा सांभाळणं सोपं झालं. दिशा मात्र तरीही शब्दांत लिहावी. तपासायला दोन्ही क्लिप आवाज बंद करून आलटून पालटून लावाव्यात. दोघं चौकटीच्या एकाच बाजूला बघत असतील तर ती तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं दिसतं. मग एक क्लिप आडवी उलटवायचा मोह होतो. पण तेव्हा होडीवरची अक्षरं उलटी होतात आणि आबांची सुई डाव्या हातात जाते. त्यापेक्षा नजरेचं वाक्य सुधारून ती क्लिप पुन्हा बनवावी.